पी पाशी कापतात

माझी चूक कुणी काढून दाखवली की मला राग येतो. लहानपणी यायचा, अजून येतो. चूक काढायची मुभा एकाच माणसाला होती, माझ्या थोरल्या भावाला, आणि अण्णाही ती जपून वापरायचा. माझी वही ओढून घ्यायचा, पेन्सिलीनं समासात ‘पुन्हा बघ’ एवढे दोन शब्द लिहायचा आणि उठून जायचा. कुठं चुकलंय ते सांगायचं नाव नाही. मी वही आपटायची, थोड्या वेळानं परत उचलायची आणि चूक सापडली की परसात धावायची. विहिरीच्या कठड्यावर बसून तो पेरू खात असायचा. वर न बघताच विचारायचा, “घावली न्हवं?” मग अर्धा पेरू माझ्या हातात यायचा.

कॉलेजात तो माझ्यापुढं दोन वर्षं होता. मी इंटरला गणित घेतलं तेव्हा वर्गात मुलगी मी एकटीच होते, आणि आमचे प्रोफेसर माझ्या बाकाकडं पाठ करून शिकवायचे. जे शिकवायचे ते सगळं इंग्रजीतून. घरी आल्यावर अण्णा तेच आपल्या बोलीत सांगायचा. पुस्तकातल्या वक्ररेषेला तो ‘वाकडी लाईन’ म्हणायचा. तिला एका बिंदूत टेकून जाणारी सरळ रेघ म्हणजे ‘टेकू लाईन’. दोन वक्र एकमेकांना छेदतात असला शब्द आमच्या कानांवर कधी पडला नव्हता, पुस्तकात ‘कट’ होतं म्हणून आम्ही ‘कापतात’ म्हणायचो. या आमच्या घरगुती मराठीनंच पुढं घोटाळा केला.

बेचाळीसच्या चळवळीत अण्णाला धरून नेलं. बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या घरापासून हिंडलग्याचा तुरुंग काही फार लांब नव्हता, पण आत असलेला माणूस किती मैलांवर ते कोण सांगणार? ठरावीक दिवसांनी एक पत्र पाठवता यायचं, एक त्याच्याकडून यायचं. आमच्या पत्राचा वरचा अर्धा भाग आप्पांचा, म्हणजे वडिलांचा. आप्पा शाळेत संस्कृत शिकवायचे आणि पत्रही धडा घालून दिल्यासारखं लिहायचे, प्रकृती जपावी, पहाटे उठावे, वाचन सोडू नये. खालचा अर्धा माझा.

त्या अर्ध्या पानात मी काय लिहिणार? तू नाहीस तर घर खायला उठतं, असं लिहायची आमच्याकडे पद्धत नव्हती. तशी पद्धत असती तरी मला ते जमलं नसतं. म्हणून मी गणित लिहिलं. आकृती काढली, तिच्याशेजारी माझं उत्तर मांडलं आणि वर लिहिलं, ‘या दोन वाकड्या लाईनी पी पाशी कापतात. किती अंशात कापतात ते मी काढले आहे. बरोबर आहे का ते कळव.’

त्या दिवसांत जागोजाग तारा कापल्या जात होत्या, रेल्वेचे रूळ उखडले जात होते. आणि मी तुरुंगातल्या माणसाला लाईनी कुठं कापतात ते कळवत होते.

चार दिवसांनी आप्पांना निरोप आला, पत्र लिहिणाऱ्या मुलीला घेऊन तुरुंगाच्या कचेरीत या. टांग्यात आप्पा उपरण्याचं टोक पिळत बसले होते. त्यांना नोकरीची धास्ती होती. मला दुसरीच होती. खुलासा पटला नाही तर चौकशी होईपर्यंत पत्रं आणि भेटी बंद, असं त्या निरोपात होतं. चौकशा किती महिने चालतात ते तेव्हा सगळ्या बेळगावाला ठाऊक होतं.

पत्रं वाचणारा कारकून म्हातारा होता, खानापूरकडचा, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. माझं पत्र त्याच्यापुढं पसरलेलं होतं आणि ‘लाईनी’, ‘पी पाशी’, ‘कापतात’ यांच्याखाली तांबड्या पेन्सिलीच्या रेघा होत्या. माणूस वाईट वाटला नाही. आप्पांना त्यानं ‘बसा मास्तर’ म्हणून खुर्ची दिली. मग माझ्याकडं वळला.

“ह्यो पी कुटला, आक्का? पाच्छापूर का पिरनवाडी?”

दोन्ही आमच्या भागातली गावं. मला हसू आलं आणि त्याच क्षणी भीतीही वाटली, कारण तो हसत नव्हता. पी म्हणजे नुसतं नाव आहे, दोन रेघा जिथं भेटतात त्या ठिकाणाचं, असं मी सांगितलं. त्यानं एक कोरा कागद पुढं सरकवला. गणित हाय म्हणता, तर करून दावा, म्हणाला.

आजवर पुष्कळ वर्ग शिकवले, पण इतका लक्ष देणारा विद्यार्थी मला पुन्हा मिळाला नाही. मी आडवी आणि उभी रेघ काढली. एक्सचा वर्ग केला की वाय मिळतो, ती वाकडी लाईन काढली. मग उलट, वायचा वर्ग केला की एक्स मिळतो, ती दुसरी. दोन्ही एक-एक या ठिकाणी भेटतात, तो पी. वाकड्या रेघांमधला कोन मोजायचा कसा, त्या तर पावलोपावली वळतात, असं त्यानं विचारलं, आणि प्रश्न अगदी बरोबर होता. म्हणून तर टेकू लाईन, मी म्हटलं. पी पाशी दोन्हींना एकेक सरळ रेघ टेकवायची आणि त्या दोन सरळ रेघांमधला कोन तोच वाकड्यांमधला धरायचा. पहिलीच्या टेकू लाईनीचा चढ दोन, म्हणजे एक पाऊल पुढं गेलं की दोन पावलं वर. दुसरीचा अर्धा. दोन चढांची वजाबाकी दीड. दोन्हींचा गुणाकार एक, त्यात एक मिळवला की दोन. दीडाला दोनानं भागलं की पाऊण. ज्या कोनाचा टँजंट पाऊण तो कोन जवळजवळ सदतीस अंश. पत्रातही सदतीसच लिहिलं होतं. त्यानं दोन्ही कागद शेजारी ठेवून आकडा आकड्याशी ताडून पाहिला.

मला वाटलं, सुटलो. आप्पांनी उपरणं सावरलं. पण म्हाताऱ्याचं बोट आकृतीवरून खाली घसरत गेलं आणि जिथं आडवी आणि उभी रेघ भेटतात त्या कोपऱ्यात थांबलं.

“हितं बी कापत्यात की. मग हितलं उत्तर कुटं हाय?”

माझे कान तापले. खरंच होतं. शून्य-शून्य या ठिकाणीही त्या भेटतात, ते मी पत्रात साफ विसरले होते. मी घाईनं मांडायला लागले. पहिलीचा चढ तिथं शून्य. दुसरीचा चढ काढताना शून्यानं भागायची वेळ आली. सूत्र तिथंच अडून बसलं. मी खोडलं, परत मांडलं, परत तिथंच आले. आप्पा खाकरले. त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर परत संशय दिसायला लागला, की येत न्हाय म्हणजे गणित न्हवं.

तेव्हा मला ते दोन शब्द ऐकू आले म्हणा, किंवा आठवले म्हणा. पुन्हा बघ. मी पेन्सिल खाली ठेवली आणि नुसतं चित्राकडं बघितलं. पहिली लाईन तिथं आडव्या रेघेला टेकून निजलेली होती, तिची टेकू लाईन म्हणजे आडवी रेघच. दुसरीचा चढ त्या कोपऱ्याकडं येता येता वाढत जातो, वाढतच जातो, आणि तिथं ती सरळ उभी राहते. तिची टेकू लाईन म्हणजे उभी रेघ. उभ्या रेघेच्या चढाला आकडाच नाही, म्हणून सूत्र चालत नाही. पण कोन आहे. तो काटकोन आहे.

मी सांगितलं. त्यानं टेबलावरचं एक पोस्टकार्ड उचललं आणि त्याचा कोपरा आकृतीच्या कोपऱ्यात नीट बसवून पाहिला. बसला. पहिल्यांदाच तो हसला.

“गणितच हाय,” तो म्हणाला, आणि तांबडी पेन्सिल बाजूला ठेवली. मग दौत माझ्याकडं सरकवली. “पर पत्रात येकच लिवलंय तुमी. दुसरं ऱ्हायलंय. सुदरून द्या, आतल्याला वाटंल बहीण चुकली.”

मी टाक उचलला. चूक राहू देणं हे माझ्या रक्तात नाही, शाळेत शुद्धलेखनाच्या पाटीवर थुंकी लावून काना पुसणारी मी. टाक शाईत बुडवलासुद्धा. आणि मग माझ्या डोक्यात आलं, पत्र पुरं बरोबर गेलं तर अण्णा काय लिहील? बरोबर आहे, एवढंच लिहील.

मी टाक परत ठेवला. “असू दे तसंच,” म्हटलं.

म्हाताऱ्यानं चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. पत्राची घडी घातली आणि शिक्का मारला. परतीच्या टांग्यात आप्पांनी विचारलं, सुधारलं का नाहीस म्हणून. असू दे म्हटलं ना, मी म्हणाले.

उत्तराची वाट मी जशी पाहिली तशी पुढं परीक्षेच्या निकालाचीही पाहिली नाही. पोस्टमनची सायकल कोपऱ्यावर वळली की मी दारात जाऊन उभी राहायचे. शेवटी पत्र आलं. आप्पांसाठी वरती चार ओळी, आणि खाली माझ्यासाठी, पेन्सिलीनं, ‘पुन्हा बघ.’ मी ते पत्र घेऊन परसात गेले. कठडा रिकामा होता. तिथं बसून पुढचं वाचलं. ‘दुसरा बिंदू कुठं टाकलास? तू हा विसरशील असं मला वाटत नाही. मुद्दाम सोडला असशील तर पुढच्या पत्रात दोन चुका सोड. इथं वेळ लई आहे.’

मी तिथंच बसून रडले. पेरूच्या झाडाला पेरू लागले होते, ते कुणी तोडले नव्हते.

पुढच्या पत्रात मी दोन सोडल्या. एक्सचा वर्ग आणि एक्सचा घन, अशा दोन लाईनी घेतल्या. एक-एक पाशी चढ दोन आणि तीन, गुणाकार सहा. त्यात एक मिळवायचा तिथं मी वजाबाकी केली. ती पहिली चूक. दुसरी, शून्यापाशी त्या नुसत्या टेकतात, एकमेकींना कापत नाहीत, दोघींची टेकू लाईन एकच आणि कोन शून्य, ते मी लिहिलंच नाही. दोन्ही चुका अशा बेताच्या ठेवल्या की त्याला शोधायला एक दुपार तरी लागावी. हा आनंद मला किती होता ते सांगता येत नाही.

ते पत्र पोचायच्या आत अण्णाला लांबच्या दुसऱ्या तुरुंगात हलवलं होतं. पत्र इथल्या कचेरीनं न फोडताच त्याच्या मागोमाग धाडलं. तिथं त्याला विषमज्वर झाला आणि तो त्यातून उठला नाही. आप्पा जाऊन आले. पत्र त्यानंतर तीन आठवड्यांनी परत आलं, दोन कचेऱ्यांचे शिक्के मारलेलं आणि तिथंही न फोडलेलं.

ते माझ्याजवळ आहे. मी फोडलं नाही. आत एक अधिकच्या जागी उणे आहे आणि शून्यापाशीचा कोन लिहायचा राहिला आहे. चूक दिसली की मला दम धरवत नाही, पण या दोन मी सुधारलेल्या नाहीत. त्या त्यानं शोधायच्या आहेत.