ताळा जुळलेली चाळीस उदाहरणं

दोन हजार सातच्या सुमारास मी जांबेत एका शेतकरी कुटुंबाच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते. नोकरी हिंजवडीत, काम सॉफ्टवेअर तपासायचं. दुसऱ्यांनी केलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या आणि त्यांना तोंडावर सांगायच्या, याचा मला पगार मिळायचा. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते या पगाराला शोभणारं नाही.

घरमालकांची सून माझ्याच वयाची. मी तिला वहिनी म्हणायचे, ती मला ताई. लग्नाआधी तिने सिव्हिलचा डिप्लोमा केला होता, फक्त सर्व्हेइंगचा पेपर दोनदा गेला होता. आता तो जुना अभ्यासक्रमच बंद होणार होता आणि त्याची शेवटची परीक्षा दीड महिन्यावर आली होती. यात पास झाली तर डिप्लोमा हातात, नाहीतर तीन वर्षं पाण्यात. भूगावात एका बिल्डरच्या साइटवर तिला घेतो म्हणाले होते, पण सर्टिफिकेट दाखवल्यावर.

तिची खरी अडचण लेव्हलिंगच्या उदाहरणांची. दुर्बिणीतून उभ्या पट्टीवर जे आकडे दिसतात ते एका तक्त्यात लिहायचे: मागे बघून घेतलेलं वाचन, मधली वाचनं, पुढचं वाचन. आधीच्या वाचनातून नंतरचं वजा करायचं. उत्तर अधिक आलं तर जमीन चढली, उणे आलं तर उतरली. असं करत प्रत्येक जागेची उंची काढायची. शेवटी ताळा घ्यायचा. मागच्या वाचनांची बेरीज वजा पुढच्यांची बेरीज, सगळे चढ वजा सगळे उतार, आणि शेवटची उंची वजा पहिली, या तिन्हींचं उत्तर एकच यायला हवं. गणित चौथीतलं, पण वीस ओळींचं, आणि घड्याळ लावून.

सराव करायला ज्या पुस्तकात चाळीस उदाहरणं होती त्यात उत्तरंच नव्हती. पुस्तक कॉलेजच्या लायब्ररीतलं, बाहेर न्यायचं नाही. वहिनीने ओळखीने दोन तासांसाठी मिळवलं, एक झेरॉक्स संच काढला आणि नाक्यावरच्या सायबर कॅफेत पानं स्कॅन करून सीडी माझ्या हातात ठेवली. "ताई, तुमच्या कॉम्प्युटरवर उत्तरं निघत्याल का?"

मी म्हणाले, "एका तासाचं काम आहे."

त्या एका वाक्याचा मला आजही राग येतो. कॅफेवाल्याने पुस्तक नीट दाबलंच नव्हतं. प्रत्येक पान तिरकं, शिवणीकडचा रकाना काळोखात. स्कॅनमधली अक्षरं ओळखणारं एक सॉफ्टवेअर माझ्याकडे होतं, कुठल्याशा स्कॅनरबरोबर फुकट आलेलं. फुकटची लायकी त्याने पहिल्याच पानाला दाखवली. एकाच्या जागी इंग्रजी एल, शून्याच्या जागी ओ. दशांशचिन्ह कुठे स्वल्पविराम झालेलं, कुठे गडपच, म्हणजे दीड मीटरचं वाचन दीड हजार मीटर. सगळ्यात संताप आणला तो रिकाम्या चौकटींनी. लेव्हलिंगच्या तक्त्यात प्रत्येक ओळीत एक-दोन रकाने रिकामेच असतात, आणि त्या रिकामेपणालाच अर्थ असतो. सॉफ्टवेअरला तो कुठून कळणार? त्याने रिकाम्या जागा गिळल्या आणि सगळे आकडे डावीकडे ढकलले. मधली वाचनं मागच्या वाचनांच्या रकान्यात जाऊन बसली.

तीन रविवार गेले. आकडे एका स्प्रेडशीटमध्ये ओढून ओढून आपापल्या रकान्यात बसवले. सूत्रं लिहिली: आधीच्या ओळीत मागचं वाचन असेल तर ते घे, नसेल तर मधलं घे, त्यातून या ओळीचं मधलं किंवा पुढचं वजा कर, अधिक आलं तर चढात टाक, उणे आलं तर उतारात. तरी बेरजा चुकतच होत्या. अर्धा दिवस डोकं आपटल्यावर कळलं की काही आकडे आकडेच नाहीत. दिसायला आकडे, पण शीटच्या लेखी मजकूर. वजाबाकी त्यांना आकडा समजून चालवून घेत होती, बेरीज मात्र त्यांना न बोलता वगळत होती. मी एकटीच बसून त्या शीटला शिव्या घातल्या.

शेवटी प्रत्येक उदाहरणाखाली एक चौकट केली. तिन्ही ताळे जुळले तर हिरवी, नाही तर लाल. लाल दिसलं की चूक शोधायची. रकाना घसरलेला, आकडा मजकूर झालेला, सगळं त्या लाल चौकटीने पकडून दिलं. चाळीसच्या चाळीस हिरव्या झाल्या तेव्हा मी वहिनीला वर बोलावून दाखवल्या. कुठलाही आकडा बदला, उत्तर बदलतं, म्हणजे रोज नवं उदाहरण. ती म्हणाली, "लई भारी केलंत ताई." मी फुगले. ऑफिसच्या प्रिंटरवर चोरून छापायचं होतं आणि कागद वाचवायचे होते, म्हणून तिला मी फक्त उंचींचा शेवटचा रकाना छापून दिला. वाचनं तिच्या झेरॉक्सवर होतीच.

चार दिवसांनी मी कंपनीच्या बसमधून उतरले तर ती जिन्यात उभी. हातात वही.

"ताई, ह्या तिसऱ्यात माझं येगळं येतंय. एकाच जागी. खालचं समदं बरोबर हाय."

"ताळा जुळतोय का तुमचा?"

"व्हय, जुळतोय की."

"शीटचाही जुळतोय. मग तुमचा योगायोगाने जुळला असणार. वजाबाकी परत करा."

ती गेली. पुढल्या आठवड्यात पुन्हा आली, या वेळी दोन उदाहरणं घेऊन. एकात मधल्या एका ओळीपासून खालचं सगळं पाच सेंटिमीटरने वेगळं. मला दुसऱ्या दिवशी क्लायंटसमोर उभं राहायचं होतं. वही हातात न घेताच मी म्हणाले, "वहिनी, कॉम्प्युटर वजाबाकीत चुकत नाही हो. तुम्ही घाई करताय." ती "बरं" म्हणाली आणि पुन्हा विचारायला आली नाही. मला वाटलं, सुटला प्रश्न.

परीक्षेला पाच दिवस उरले असताना तिच्या सासूबाई खाली तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "ती न्हाई जायची म्हणतीया परीक्षेला. तुमी तरी सांगा."

वहिनी आतल्या खोलीत होती. "कशाला जाऊ?" ती म्हणाली. "मला साधी वजाबाकी येत न्हाई. दोनदा नापास झाले ते काय उगाच न्हाई. आता तर कॉम्प्युटरनंच सांगितलं."

मी वही मागितली. मला तिची चूक शोधून द्यायची होती, एकदाची.

आता सर्व्हेवाल्यांची एक पद्धत आहे. वहीत खोडरबर चालवायचा नाही. आकडा चुकला तर त्यावर एक रेघ मारायची आणि बरोबर आकडा वर लिहायचा, जुना वाचता आला पाहिजे. वहिनीने ती पद्धत घरच्या वहीतही पाळली होती. त्यामुळे सगळं समोरच होतं. तिसऱ्या उदाहरणात तिने आधी ९९.११५ लिहिलं होतं. त्यावर रेघ, आणि वर माझ्या शीटमधलं ९९.०६५. त्या उत्तराला जुळवायला तिने वाचनाशी न जुळणारा उतारही वर लिहिला होता. मी तिची वजाबाकी केली. पहिली बरोबर होती. पुन्हा केली, पुन्हा बरोबर. मग झेरॉक्स काढली. त्यावर वाचन होतं २.१३५. ती झेरॉक्स घेऊन मी वर पळाले, शीट उघडली. शीटमध्ये २.१८५.

स्कॅनमधल्या तिनाचा आठ झाला होता. आणि माझी हिरवी चौकट हिरवीच.

ती लाल होणारच नव्हती! हे कळायला मला, चुका शोधायचा पगार घेणाऱ्या बाईला, दीड महिना लागला. तो ताळा माणसाने हाताने केलेली वजाबाकी तपासायला असतो. चुकीचं वाचन घेऊन सूत्राने अचूक वजाबाकी केली तरी तिन्ही उत्तरं जुळतातच. मधलं वाचन चुकलं तर एकच उंची बिघडते आणि पुढच्या ओळीला सगळं पुन्हा जागेवर येतं. मागचं चुकलं तर खालचं सगळं सरकतं, तरी ताळा खुशाल जुळतो. शीट आपलीच साक्ष काढून आपणच खरी ठरत होती, आणि मी तिच्या बाजूने जिन्यात उभी राहून निकाल देत होते.

त्या दिवशी मी रजा टाकली आणि झेरॉक्सशी एकेक वाचन ताडून पाहिलं. अकरा उदाहरणांत आकडे चुकले होते. वहिनीच्या वहीत रेघा मारलेली उदाहरणंही अकराच. प्रत्येकात रेघेखालचं, तिने आधी लिहिलेलं उत्तर बरोबर.

मी वही घेऊन खाली गेले आणि सांगितलं. माफी मागितली. वाटत होतं, ती ओरडेल, आणि ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती फक्त पानं उलटत राहिली.

"ही समदी बरोबर व्हती?"

"सगळी."

"आन् मी खोडली." तिचे डोळे भरले. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "मी दोन बारी इचारलं हुतं तुमाला."

दुरुस्त केलेली शीट मी दुसऱ्याच दिवशी छापून दिली, या वेळी सगळ्या रकान्यांसकट. तिने ती उघडली नाही. उरलेले सगळे दिवस ती एकटीच झेरॉक्स आणि वही घेऊन बसली, आणि परीक्षेला गेली. आल्यावर मी पेपर कसा गेला ते विचारलं. म्हणाली, लेव्हलिंगचं उदाहरण आलं, उत्तर आलं, ताळाही जुळला. पण हात पुढे जाईना. बरोबर आलेल्या आकड्यावर तिने रेघ मारली, दुसरा लिहिला, मग त्यावर रेघ मारून पुन्हा पहिला लिहिला. तेवढ्यात वेळ संपली आणि शेवटचा प्रश्न राहिला.

निकाल लागला तेव्हा ती स्वतः वर आली. चाळीसला पास, तिला एकेचाळीस. मी आनंदाने ओरडलेच. ती दारातच उभी राहिली, आत आली नाही.

"ताई," ती म्हणाली, "पास झाले म्हणून इचारते. म्या नापास झाले असते, तर माझं आधीचं बरोबर व्हतं म्हणून ती वही तुमी कुणाला दाखवली असती का?"