होकाराचा मेल

हिलाल तोताराम पाटलाला मेहरूणमधले लोक ‘मेलवाले भाऊ’ म्हणायचे, आणि हे नाव त्याला मनापासून आवडायचं. जळगावच्या एमआयडीसीत पाईपांच्या कारखान्यात तो स्टोअर सांभाळायचा, पण त्याची खरी मिजास इंग्रजी मेलची. गल्लीत कोणाचा पोरगा पुण्या-नाशिकला लागला की बाप ऑफर लेटर घेऊन हिलालच्या ओट्यावर हजर. हिलाल चष्मा पुसायचा, पाणी मागायचा आणि मग समजावायला बसायचा.

“नुसतं थँक यू लिहून भागत नाही आबा. त्यांच्याच मेलला उत्तर द्यायचं. पद कोणतं, पगार किती, हजर कधी व्हायचं, कागद कोणते द्यायचे, सगळं आपल्या बाजूनं परत लिहायचं. उद्या कोणी म्हणायला नको की असं ठरलंच नव्हतं.”

गल्लीतल्या कितीतरी जणांचा होकार त्याने असा लिहून दिला. त्याला स्वतःला मात्र तसं पत्र कधी आलं नाही. स्टोअर ऑफिसरच्या जागेसाठी त्याने दोनदा अर्ज केला आणि दोन्ही वेळा त्याच्याहून लहान कोणीतरी खुर्चीत येऊन बसलं. त्यांच्या स्वागताचा मेलही साहेबांनी हिलालकडूनच लिहून घेतला. माणूस कुढणार नाही तर काय करणार.

आणि मग शुक्रवारी त्याच्या बायकोला ऑफर आली.

उज्ज्वला मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सी. केळीची टिश्यूकल्चर रोपं करणाऱ्या एका कंपनीने तिला असिस्टंट लॅब इन्चार्ज म्हणून घेतलं होतं. सही करून पत्राची प्रत आणि लेखी होकार सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत मेलने पाठवायचा, नाहीतर ऑफर रद्द समजली जाईल, असं त्यात स्पष्ट होतं. तिने सही केली, स्कॅन काढला, सगळं हिलालच्या मोबाईलवर टाकलं आणि आपल्या मेलचा पासवर्डही देऊन टाकला.

“मेल तुम्हीच लिहा,” ती म्हणाली. “अख्ख्या गल्लीचे लिहिता. घरचा नको का?”

तिला स्वतःला लिहिता येत नव्हतं असं नाही. ती मानाने विचारत होती, आणि नेमकं तेच त्याला झोंबलं.

रात्री त्याने पत्र नीट वाचलं. वर्षाच्या आकड्याला बाराने भागलं. पीएफ वजा केला, प्रोफेशनल टॅक्स वजा केला, आणखी काही वजा करता येईल का तेही पाहिलं. तरी हातात येणारी रक्कम त्याच्या पगारापेक्षा चांगलीच वर राहिली. मग नजर नावावर गेली. उज्ज्वला लोटन पाटील. लोटन म्हणजे त्याचा यावलचा सासरा.

“माझं नाव कुठं आहे यात?” त्याने विचारलं.

“फॉर्मवर मार्कशीटवरचं नाव मागितलं होतं. मार्कशीट, पॅन, सगळं माहेरच्या नावावर आहे. आधार तेवढं तुमच्या नावाचं. म्हणून तर त्यांनी कागदांत विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र मागितलंय.”

ते प्रमाणपत्र नव्हतं. लग्न होऊन आठ वर्षं झाली, ती दरवर्षी म्हणायची, नोंदणी करून घेऊ. दोघांनी जायचं, तीन साक्षीदार न्यायचे, एवढंच काम. हिलालला सवड मिळाली नाही. जगाचे कागद बिनचूक करून देणाऱ्या माणसाच्या घरात हा एक कागद राहून गेला होता.

शनिवारी त्याने मसुदा केला. पहिलंच वाक्य: माझे पती श्री. हिलाल तोताराम पाटील यांच्या संमतीने मी ही नोकरी स्वीकारत आहे. वाचून त्यालाच लाज वाटली. त्याने ते खोडलं, पण दुसरं काही सुचेना. रविवारी तो ‘कन्फर्म’ लिहावं की ‘अॅक्सेप्ट’, यावर बसून राहिला. दुसऱ्याच्या पोराचा मेल तो चहा होईपर्यंत लिहून मोकळा व्हायचा.

सोमवारी दुपारी डब्याच्या सुट्टीत उज्ज्वलाचा फोन आला.

“अहो, गेला का मेल?”

“गेला,” हिलाल म्हणाला.

“सगळं लिहिलं ना? नावाचंही?”

“सगळं.”

तिने बरं म्हणून फोन ठेवला. हिलालने पोळीचा घास मोडला आणि तसाच डब्यात टाकला. मसुदा अजून अर्धाच होता. न पाठवायचं असं त्याने ठरवलं नव्हतं, आणि पाठवायचं असंही ठरवलं नव्हतं. पाच वाजून जातील, कंपनी दुसरं कोणी शोधेल, मेल कुठं अडकला देव जाणे, असं म्हणता येईल. हा विचार मनात आला तेव्हा त्याला वाईट वाटायला हवं होतं. आधी त्याला हलकं वाटलं.

मग दुपारभर माल उतरवून घेताना ते हलकेपण टिकलं नाही. पाचाला थोडा वेळ राहिला तेव्हा तो घामाघूम होऊन कॉम्प्युटरपुढे बसला आणि तिचा पासवर्ड टाकला. दुसऱ्या फोनवर परवानगी विचारली आहे, असं पडद्यावर आलं. म्हणजे उज्ज्वलाच्या फोनवर. परवानगी लगेच मिळाली.

पाठवलेल्या मेलांत सगळ्यात वर तिचाच मेल होता. दुपारी फोन ठेवल्या ठेवल्या गेलेला. हिलालने तो उघडला. पद, वर्षाचा पगार, एक जुलैची तारीख, सगळं पत्रातल्या शब्दांत परत लिहिलेलं. कागदांची यादी, आणि खाली नावाबद्दल दोन ओळी: आधारवर लग्नानंतरचं नाव आहे, विवाह नोंदणीसाठी मी आणि माझे पती याच आठवड्यात जात आहोत, प्रमाणपत्र रुजू होताना सादर करीन. सही केलेली प्रत जोडलेली. एक शब्द इकडचा तिकडे करायला जागा नव्हती. कंपनीचं उत्तरही आलं होतं: होकार मिळाला, अभिनंदन.

बाईने त्याच्याहून चांगला मेल लिहिला होता. तो खोटं बोलला हे तिला कळलंय, याच्याआधी त्याला हेच बोचलं. एवढा जळका होता हिलाल.

घरी पोचला तेव्हा आई, कमलबाई, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन बसली होती. म्हातारी धुळ्याकडची, अहिराणी बोलणारी. “हाई चिठ्ठी तूच लिखी ना, भाऊ?” तिने विचारलं. “मी शेजारनीले सांगं, बठ्ठं मना हिलालनाच हातनं शे.” सगळं तिच्या हिलालच्याच हातचं, असं ती शेजारणीला सांगूनही आली होती.

हिलालने उज्ज्वलाकडे पाहिलं.

“हो आई, त्यांनीच लिहिला,” उज्ज्वला म्हणाली आणि पेढा त्याच्या हातावर ठेवला.

म्हातारी आत गेल्यावर ती आवाज न चढवता म्हणाली, “गुरुवारी महानगरपालिकेत जायचंय. साक्षीदार मी सांगून ठेवलेत. तुम्हाला सुट्टीचा मेल टाकावा लागेल. टाकता, की तोही मीच टाकू?”

तिच्यासमोरच बसून हिलालने मोबाईल काढला. साहेबांचं नाव, तारीख, एक दिवसाची रजा. कारणाच्या जागी त्याने लिहिलं, वैयक्तिक काम. उज्ज्वला बघत होती. त्याने ते पुसलं, बराच वेळ बोट वर धरून बसला आणि मग एकेक अक्षर टाकत लिहिलं: पत्नीला नोकरी लागली आहे.