झडपेची तिरपी कड

पोलादपूरकडच्या पुलाच्या पायातलं पाणी उपसणाऱ्या पंपाची झडप फुटली. मुंबईला नवी ओतून घ्यायची होती, म्हणून महाडच्या कचेरीत मी तिचा छेद, म्हणजे मधून कापल्यावर दिसेल तसं चित्र, काढत होतो. छेदात कापलेला भाग रेघांनी भरतात आणि धातूप्रमाणे रेघा बदलतात. झडप आणि ती जिच्यावर टेकते ती बैठक दोन्ही बिडाची, म्हणून दोन्हींना सारख्याच साध्या रेघा, फक्त उलट दिशांना पंचेचाळीस अंशांत तिरप्या. तरी दोन्हींमधली कड रेघांत हरवली.

थोरले आरेखक वाकून म्हणाले, "अहो, कडही पंचेचाळीस अंशांचीच आहे. रेघांचा कोन बदला."

मी तीस अंश घेतले. चित्राच्या निळ्या प्रतीत, ब्लूप्रिंटमध्ये, दाट रेघा मिसळतात, म्हणून अंतरही वाढवलं. कड स्पष्ट उठली.

"मुंबईचा ओतणारा आता चुकणार नाही," ते म्हणाले. त्या न पाहिलेल्या माणसाचा विचार मी तोवर केलाच नव्हता.