नकाशावरची रेघ आणि चारुलता

हैदराबादेत मलकपेठेच्या चारुलताला जमिनीखालच्या पाण्याचे नकाशे करणाऱ्या कचेरीत बारा वर्षं झाली होती. चौऱ्याण्णव साली कचेरीत कॉम्प्युटर आले आणि त्यांच्यामागोमाग पुण्याहून नीलिमा आली. चारुलतानं उन्हातान्हात हिंडून आणलेली माहिती उपग्रहाच्या चित्रावर बसवून नीलिमानं रंगीत नकाशा केला. साहेब त्यावर खूश. आदिलाबादकडच्या मराठी गावात तो समजावून सांगायलाही त्यांनी तिलाच नेमलं. म्हणाले, "तिची मराठी साफ आहे." चारुलताची हैदराबादी मराठी काय मैली होती? तिच्या पोटात जे दुखायला लागलं, ते जीप गावात पोचली तरी थांबेना.

देवळापुढे सभा भरली. नीलिमानं नकाशा टांगला आणि कोपऱ्यातल्या सूचीवर बोट ठेवलं. "आधी ही वाचायची. निळा रंग म्हणजे पाणी मिळण्याची आशा जास्त, पिवळा म्हणजे बेताची, लाल म्हणजे फार कमी. ही तुटक रेघ म्हणजे जमिनीखालच्या खडकातली भेग असावी, असा अंदाज. तो पुढं जागेवर यंत्र लावून तपासायचा."

माणसं माना डोलवत होती. पोरगी बोलत होती छान, आणि तेच चारुलताला सोसवेना.

नामदेवराव सरपंच उठले. "रेघ माझ्या शेतातनं गेलीय. गावाची बोअर तिथंच मारली, तर पाणी लागंल का?"

नीलिमा उत्तर जुळवत होती, तोवर चारुलता बोलून गेली. "लागणार म्हणजे लागणारच! मी स्वतः फिरलेय ना तिथं."

टाळ्या पडल्या. तिला बरं वाटलं, फार बरं वाटलं.

"मग यंत्रानं तपासायचं कशाला?" बायकांतून जयवंताबाईंनी विचारलं. "उद्याच बोअरची गाडी बोलवा."

नीलिमा चारुलताकडे नुसती बघत राहिली. चुगली नाही, मदतही नाही.

"थांबा," चारुलता म्हणाली. "मी जास्त बोलले. कागदावरचा एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. ही रेघ मिलिमीटरभर जाड आहे, म्हणजे तिची जाडीच पन्नास मीटर झाली. भेग त्यात नेमकी कुठं आहे, किंवा आहे की नाही, ते नकाशाला ठाऊक नाही. पाणी किती खोल, गोड की खारं, तेही नाही. कुठं शोधायचं एवढंच तो सांगतो. खोदायचं कुठं, ते जागेवर यंत्र लावल्यावरच."

"हे आधी सांगायचं, बाई," नामदेवराव म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता.

महिन्याभरानं यंत्र लागलं. सरपंचांच्या शेतात त्यानं खडक कोरडा दाखवला. बोअरला पाणी लागलं ते जयवंताबाईंच्या बांधाशी.

सभेच्या दिवशी जीपनं परतताना मात्र नीलिमा म्हणाली होती, "चारुताई, पुढच्या गावात तुम्हीच बोला. रेघेच्या जाडीचं मला असं सुचलं नसतं."

"हौ, बघू," म्हणून चारुलतानं तोंड बाहेर वळवलं. मोठेपणा दाखवायची वेळ आली, तर तोही या पोरीनंच दाखवावा! पुढच्या गावात मात्र बोलायला उभी राहिली ती चारुलताच.