कोपऱ्यात उभी राहणारी चढाईपटू

बिबवेवाडीत आमच्या मुलींच्या कबड्डी संघाचे आकडे मी ठेवते. नोकरी आयटीतली, पण जीव मॅटवर. त्या हंगामात आमचे प्रशिक्षक एका मुलीला संघातून काढायला निघाले होते. नोंदणीत ती 'चढाईपटू', आणि चढाईत तिला गुण जवळजवळ नाहीतच.

मी म्हटलं, सर, नोंदणीतलं स्थान बाजूला ठेवू. लीगमधल्या सगळ्या मुलींचे सामन्यागणिक आकडे संगणकाला देऊ. चढाया, बोनस, पकडी, फसलेल्या पकडी. ज्यांचे आकडे एकमेकींच्या जवळ, त्यांचा एक गट. कोण कुठं खेळते, हे त्याला सांगायचंच नाही.

पहिला निकाल पाहून सर म्हणाले, "मॅडम, एका गटात खेळणाऱ्या, दुसऱ्यात बाकावर बसणाऱ्या. एवढं मला चहा पिता पिता सांगता आलं असतं."

बोलणं झोंबलं, पण बरोबर होतं. मी सामन्यातले नुसते एकूण आकडे दिले होते; जी जास्त वेळ मॅटवर, तिचं सगळंच जास्त. मग प्रत्येकीचा आकडा तिच्या मॅटवरच्या मिनिटांनी भागला. शिवाय चढायांचे आकडे मोठे, पकडींचे लहान, त्यामुळे चढाया पकडींना गिळून टाकत होत्या. सगळ्यांना एका मापात आणलं. आता गट ओळखीचे दिसू लागले, आणि ही मुलगी पडली थेट कोपरारक्षकांच्या, म्हणजे बचावात कोपऱ्यावर उभ्या राहणाऱ्यांच्या गटात. चढाईपटू असली तरी बचावाला ती उभी राहायचीच, आणि तिथं घोटे पकडण्यात लीगमधल्या भल्या भल्या कोपरारक्षकांच्या पंगतीत होती.

सरांनी तिला डाव्या कोपऱ्यावर लावलं. तिची जागा वाचली. मी हरखून तिला सांगायला गेले.

तिचं गाव शहराच्या हद्दीत नुकतंच आलेलं. ती घोट्याची पट्टी सोडत ऐकत होती.

"ताई, मला चढाईला पाठवत्यात कुठं? दोघीच जात्यात सारख्या. मी उभीच हाय बचावाला. मग पकडीच दिसणार की."

मी घरी येऊन पुन्हा पाहिलं. तिच्या चढाया इतक्या थोड्या होत्या, की त्यावरून ती चांगली की वाईट, काहीच म्हणता येत नव्हतं. नोंदणीवर विश्वास नको म्हणून मी आकडे घेतले. पण चढाईला कोण जाणार हे सरच ठरवत; म्हणजे आकड्यांतही सरांचाच हुकूम बसलेला होता. संगणकानं ती काय करते ते सांगितलं होतं. तिला काय जमेल, हे नव्हे. मी दोन्ही एकच समजून बसले होते.

दुसऱ्या दिवशी सरांना हे सांगितलं. ते म्हणाले, "कोपरा मिळालाय ना? मग आता नवीन भानगड नको."

पुढच्या सामन्यात तिनं पकडींवर पकडी केल्या. सगळं मैदान तिच्या नावानं ओरडत होतं. सामना संपल्यावर पाण्याची बाटली घेऊन ती माझ्या शेजारी येऊन बसली.

"ताई, आज माझी चढाई लिवली?"

"आज तुला पाठवलंच नाही गं."

"तेच लिवा," ती म्हणाली.

माझ्या तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता.