काकूंचे बुधवारचे तास

आकड्यांची मला भीती वाटत नाही. लंडनजवळच्या वॉटफर्डमधल्या एका शाळेच्या ऑफिसात मी दिवसभर त्यांच्यातच असते. पण आमच्या मराठी मंडळाच्या खजिनदारपदाची माळ गळ्यात पडली, त्या वर्षी तेच आकडे मला घाबरवायला लागले, आणि त्याचं कारण होतं बुधवारचं जेवण.

दर बुधवारी आमचं मंडळ हॅरोच्या एका हॉलमध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्या माणसांना जेवू घालायचं, त्यांच्याशी गप्पा मारायचं, गाणी म्हणायचं. त्यांना सांभाळणाऱ्या घरच्या माणसांना तीन तास मोकळे मिळावेत, हा खरा हेतू. देणग्यांवर चाललेलं हे काम त्या वर्षी धापा टाकायला लागलं. इथल्या नगरपालिकेचा, म्हणजे कौन्सिलचा, एक फंड अशा सांभाळणाऱ्यांच्या विश्रांतीसाठीच होता. अट एवढीच, की तुम्ही जितकं घालाल तितकंच आम्ही घालू. आमच्या वाट्यातला निम्म्यापर्यंतचा भाग रोख नसला तरी चालणार होता. फुकट मिळालेला हॉल, स्वयंसेवकांचा वेळ, यांची किंमत लावून ती धरता येत होती. त्याला इन-काइंड म्हणतात. फंड मिळाला नाही तर बुधवार बंद, हे मला दिसत होतं, आणि बुधवार बंद म्हटलं की डोळ्यांसमोर काकू यायच्या.

काकू आमच्या नात्यातल्या नव्हत्या, पण सगळ्यांच्याच काकू. काकांना बाकी काही आठवायचं नाही, बायको तेवढी आठवायची. ती नजरेआड झाली की हाका सुरू. रात्री उठून दाराची कडी काढायला जायचे, त्यामुळे काकूंची झोप कधीच धड व्हायची नाही. बुधवारी त्या काकांना हॉलमध्ये आणून बसवायच्या आणि तडक किचनमध्ये शिरून पोळ्या लाटायला घ्यायच्या. "मला कसली गं विश्रांती? हात रिकामे राहिले तर वेड लागेल मला," असं म्हणायच्या.

बजेट करायला मी आमच्या अध्यक्षांच्या डायनिंग टेबलावर बसले. अध्यक्ष निवृत्त डेंटिस्ट, माणूस दिलदार, पण दुसऱ्याच्या पैशांच्या बाबतीत जरा जास्तच दिलदार.

"हॉलला लग्नाचा रेट लाव," ते म्हणाले. "वेबसाइटवर आहे तो. प्रूफ आहे आपल्याकडे."

"आपण लग्न लावतो का तिथे? कम्युनिटी ग्रुपला ते जे भाडं लावतात ते धरायचं. हॉल फुकट मिळाला नसता तर आपण तेवढंच दिलं असतं."

"बरं. पण माझे तास तरी प्रोफेशनल रेटने?"

"बुधवारी तुम्ही दात काढता का? गाडी चालवता, माणसं आणता. ड्रायव्हरला तासाला जे मिळतं ते मिळेल."

त्यांच्या बायकोला हसू आवरेना. ते मात्र रुसले. कमिटीच्या मीटिंगांचे तासही मी काढून टाकले, कारण मंडळ चालवायला त्या लागतातच, बुधवार असो वा नसो. एकेक आकडा खाली येत होता. फुगवलेला आकडा निरुपद्रवी दिसतो, पण कागदावर खोटा पाऊंड लिहिला की त्याच्या जोडीला कौन्सिलचा खरा पाऊंड येतो. उद्या कोणी तपासायला आलं, तर तो परत मागतात.

मग किचनचे तास जोडायला घेतले आणि माझा हात थांबला. सगळ्यात जास्त तास काकूंचे होते. आणि विश्रांती मिळणाऱ्यांच्या यादीतही त्यांचं नाव होतं. तोच बुधवार, तेच तीन तास. पोळ्या लाटणाऱ्या चौघींपैकी तिघींचं असंच होतं. आपलं माणूस बाहेर बसवायचं आणि आत कामाला लागायचं, ही आमच्या बायकांची खोडच. कोणी आयतं जेवायला तयार नसतं. म्हणजे ज्यांना विश्रांती देतो म्हणून आम्ही पैसे मागत होतो, त्यांच्याच कष्टांची किंमत आमचा वाटा म्हणून दाखवत होतो.

"अगं, कोण बघतंय?" अध्यक्ष म्हणाले. "हे काढलंस तर आपला वाटा गडगडेल, आणि त्याबरोबर त्यांचाही."

मला ते कळत नव्हतं का? दोन दिवस मी शाळेत कोणाशी धड बोलले नाही, घरी नवऱ्यावर खेकसले. शेवटी लंचमध्ये गाडीत बसून कौन्सिलच्या अधिकारी बाईंना फोन केला. त्या अगदी सौजन्याने म्हणाल्या, की एकच माणूस एकाच वेळी विश्रांती घेणारं आणि वेळ देणारं, असं नाही धरता येणार. ते तास वगळा. मी फोन ठेवला. आता परतीची वाट नव्हती.

तिघींचे तास गेले, आणि त्यांच्या विश्रांतीचे पैसे घेऊन त्यांनाच पोळ्यांना जुंपणंही बरोबर नव्हतं. त्यांच्या जागी दोन तासांसाठी स्वयंपाकाला बाई ठेवायची म्हणजे तिचे पैसे रोख द्यायचे. आमच्याकडे रोख होती तेवढीच. मी पुन्हापुन्हा मांडून पाहिलं. पैसे निम्म्याच बुधवारांना पुरत होते. एक आड एक.

काकूंना सांगायला किचनमध्ये गेले तेव्हा त्यांच्या हातात लाटणं होतं. मी जमेल तसं समजावलं.

"म्हणजे माझ्या पोळ्या धरत नाहीत?" त्या म्हणाल्या.

"पोळ्या नाही हो काकू, तुमचे तास. ते तीन तास तुमचे स्वतःचे आहेत. कौन्सिल त्याचेच पैसे देतंय."

"इथे चार माणसं म्हणतात, काकू, पोळी मऊ झालीय. घरी कोण म्हणतं मला?" त्यांचे डोळे भरून आले. "आणि बाहेर जाऊन मी करू काय?"

हिशेब बरोबर होता आणि मला स्वतःची भयंकर चीड आली होती.

फंड मिळाला. मागितला होता तेवढा, एक पेनीही न कापता. अध्यक्षांनी पेढे वाटले. माझा पेढा मी रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला.

पहिल्या बुधवारी काकूंनी काकांना बसवलं आणि कोट घातलेल्या तशाच दाराशी उभ्या राहिल्या. किचनकडे पाहत होत्या. "जा काकू," मी म्हटलं. त्या गेल्या. काकांनी लगेच हाका मारायला सुरुवात केली. मी त्यांच्याजवळ बसले, एकेक घास हातात दिला, आणि सारखी दाराकडे बघत राहिले. वेळ संपली तरी काकू आल्या नाहीत. फोन उचलेनात. बाकीची माणसं घरी गेली, अध्यक्ष गाडीची किल्ली घेऊन काकूंना शोधायला निघणार, इतक्यात त्या धावतपळत आल्या. केस विस्कटलेले, गालावर उशीच्या शिवणीचा वळ.

"कुठे होतात हो? जीव टांगणीला लागला माझा!"

"घरी गेले. म्हटलं पाच मिनिटं पडावं." त्या धापा टाकत होत्या, पण चेहरा इतका मोकळा मी कधी पाहिला नव्हता. "अगं, अशी झोप लागली! हाक नाही, काही नाही. किती वर्षांनी झोपले गं मी."

काकांना कोट घालताना त्या माझ्याकडे वळल्या. "पुढच्या बुधवारी गजर लावूनच झोपेन. उशीर नाही करणार."

"पुढच्या बुधवारी नाहीये काकू," मी म्हटलं. "त्याच्या पुढच्या."

त्यांनी काकांचं वरचं बटण लावलं. "बरं," म्हणाल्या.