तळटीप नसलेलं पान

आमच्या वन्सं म्हणजे हिशोबाच्या पक्क्या. अपंग मुलांच्या शाळेत बावीस वर्षं अकाउंटंट. मी त्याच शाळेची बस चालवते. अकरा मुलं, सगळी चाकाच्या खुर्चीतली. बस नाही तर शाळा नाही, इतकं सरळ आहे.

दरवर्षी विश्वस्तांच्या सभेसाठी वन्सं अंदाजपत्रकाचं एकच पान काढतात. "त्यांना दहा मिनिटं असतात, वहिनी. खडू-फडक्याचा खर्च कशाला? ज्यावर निर्णय घ्यायचाय तेवढंच दाखवायचं." या वेळी बससमोर खर्च होता नऊ लाख, आणि खाली बारीक तळटीप: यातले आठ लाख देणगीदार फक्त बससाठी देतो, बस बंद तर देणगीही बंद. म्हणजे बस काढून शाळेचे वाचणार जेमतेम एक लाख.

व्यवस्थापक सर म्हणाले, "बाई, तळटीप काढा, पान भरगच्च दिसतंय. देणग्या एकत्र दाखवा. बसचं मी सभेत तोंडी सांगतो."

आणि वन्संनी काढली! का, तर सरांनीच त्यांना हे काम शिकवलं होतं. सर म्हणजे देवमाणूस.

सभेनंतर वन्सं बसपाशी आल्या. चेहरा पांढराफटक.

"बस बंद करायचं ठरलं, जूनपासून. सगळ्यात मोठा खर्च तोच दिसत होता."

"आणि सर?"

"बोललेच नाहीत. मी शेजारीच होते. त्यांच्या हातात माझं आधीचं पान होतं गं, तळटीपवालं. त्यावरून एकेक मुद्दा वाचला. तेवढी ओळ लाल शाईनं खोडलेली होती."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. विसरला असता तर एक वेळ समजून घेतलं असतं. पण हा तर ठरवून गप्प बसला!

"मग तुम्ही का नाही बोललात? तोंडात मूग गिळले होते?"

"वाटलं, आत्ता सांगतील, आत्ता सांगतील. तेवढ्यात सगळे चहाला उठले."

"लावा अध्यक्षांना फोन."

"सरांची नोकरी जाईल गं."

सरांची! बावीस वर्षं ज्याला देव मानलं त्याने भर सभेत गळा कापला, तरी यांना काळजी त्याचीच. मला त्याचा राग होताच, पण खरं सांगते, त्या क्षणी वन्संचा जास्त आला. घरच्या माणसाने केलेला दगा जास्त लागतो. मी नंबर लावला आणि फोन त्यांच्या हातात कोंबला.

त्यांनी नाव सांगितलं आणि रडूच फुटलं. मग मीच फोन घेतला. आठ लाख, देणगीदार, अट, सगळं सांगितलं.

अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं. कागद उलटल्याचा आवाज आला.

"अहो, पण बाईंनी दिलेल्या पानावर तर असं काहीच नाही."